यूएक्स रिसर्चरचा रेझ्युमे: कोणती पद्धत, किती माणसं आणि कोणता निर्णय बदलला?

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मेटाने सुमारे ११ हजार लोकांना कामावरून कमी केलं. त्यानंतर दोन महिन्यांनी गुगलने सुमारे १२ हजार जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. या कपातीत इंजिनिअर होते, तसे यूएक्स रिसर्चरही होते. तेव्हापासून या क्षेत्रातल्या अनुभवी माणसांकडून एक प्रश्न वारंवार येतो: सगळ्या पद्धती येतात, गाठीशी कामही आहे, मग रेझ्युमे पाठवल्यावर पुढचा फोन का येत नाही?

अशा जागांसाठी आलेले रेझ्युमे वाचण्याचं काम मी करते. बऱ्याचदा माणसाचं काम चांगलं असतं, पण ते कागदावर उतरलेलंच नसतं. काय काय केलं याची यादी असते. त्यातून कंपनीने काय वेगळं ठरवलं, याचा पत्ता नसतो. वाचणारा नेमकं काय शोधत असतो, ते या लेखात सांगते.

## हे काम नेमकं कशाचं?

यूएक्स रिसर्चर म्हणजे एखादं अ‍ॅप, वेबसाइट किंवा यंत्र वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास करणारी व्यक्ती. लोक कुठे अडतात, काय समजून चालतात, कशामुळे काम अर्धवट सोडतात हे ती शोधते. हा अभ्यास हौसेखातर होत नाही. टीमपुढे एखादा निर्णय असतो: हे फीचर बनवायचं का, हे पान बदलायचं का, की हा विचारच सोडून द्यायचा? त्या निर्णयासाठी पुरावा आणणं हे रिसर्चरचं काम.

इथेच रेझ्युमेची अडचण सुरू होते. डिझायनर आपली स्क्रीन दाखवू शकतो, इंजिनिअर चालतं फीचर दाखवू शकतो. रिसर्चरच्या कामाचं फळ मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी बदललेल्या निर्णयात असतं. डॉक्टरचं कौशल्य समजून घ्यायचं तर त्याने किती एक्स-रे काढायला सांगितले हे मोजून भागत नाही. तक्रार काय होती, तीच तपासणी का करायला सांगितली आणि तिच्यामुळे उपचार कसा बदलला, हे पाहावं लागतं. रिसर्चरच्या रेझ्युमेतली प्रत्येक ओळ याच तीन प्रश्नांनी वाचली जाते.

रेझ्युमे साधारणपणे दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा भरती विभाग जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का, एवढं पाहतो. म्हणून पद्धतींची नावं लिहावी लागतात, त्यात गैर काही नाही. दुसऱ्यांदा तो रिसर्च टीमच्या प्रमुखाकडे जातो. पुढचं सगळं या दुसऱ्या वाचनाबद्दल आहे.

## पद्धतींची यादी का पुरत नाही?

ही ओळ थोड्याफार फरकाने खूप रेझ्युमेंमध्ये सापडते: «मुलाखती, सर्व्हे, युजेबिलिटी टेस्ट, कार्ड सॉर्टिंग, डायरी स्टडी अशा विविध पद्धती वापरून ग्राहकांचा अनुभव सुधारला.»

आधी या शब्दांचे अर्थ पाहू. युजेबिलिटी टेस्टमध्ये माणसाला एखादं काम देतात आणि ते करताना तो कुठे अडखळतो ते बघतात. कार्ड सॉर्टिंगमध्ये विषयांची कार्डं देऊन लोकांना त्यांचे गट करायला सांगतात, म्हणजे मेन्यूत काय कशाखाली ठेवायचं याचा अंदाज येतो. डायरी स्टडीत लोक काही दिवस किंवा आठवडे आपल्या वापराची नोंद स्वतःच ठेवतात. मुलाखत आणि सर्व्हे सगळ्यांना माहीत आहेत.

यातली प्रत्येक पद्धत एका ठरावीक जातीच्या प्रश्नाला उत्तर देते, इतर प्रश्नांना देत नाही. वरच्या ओळीत पद्धती आहेत, पण प्रश्न एकही नाही. त्यामुळे या माणसाला पद्धत निवडता येते की फक्त चालवता येते, हे कळायला मार्ग उरत नाही. प्रत्यक्ष कामात निवडणं हा अवघड भाग असतो, चालवणं सरावाने येतं.

निवड चुकली की जाणत्या वाचकाला ते लगेच दिसतं. समजा कोणी लिहिलं, «कार्ड सॉर्टिंग करून लोकांना नव्या मेन्यूत वस्तू सापडतात याची खात्री केली.» कार्ड सॉर्टिंगमधून लोक गोष्टींचे गट कसे करतात ते कळतं. तयार मेन्यूत त्यांना वस्तू सापडते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी ट्री टेस्ट असते. तिच्यात रंग, चित्रं, बटणं काढून मेन्यूचा नुसता सांगाडा देतात आणि अमुक गोष्ट कुठे शोधाल ते विचारतात. दोन्ही क्रमाने केल्या असतील तर तसं लिहावं. एकच करून दुसरीचा निष्कर्ष लिहिला असेल, तर ती ओळ नसती तर बरं झालं असतं.

दुसरी नेहमीची गल्लत मुलाखतींची. «मुलाखतींतून लोकांना हे फीचर हवं असल्याचं सिद्ध झालं» असं वाक्य दिसतं. समोर बसलेला माणूस «हो, वापरेन की» असं सहज म्हणतो. आपण पुढे काय करू याचा अंदाज माणसाला नीट बांधता येत नाही, शिवाय विचारणाऱ्याचं मन मोडावंसंही वाटत नाही. मागच्या वेळी हे काम कसं केलं, तेव्हा काय झालं, हे मुलाखतीतून चांगलं कळतं. म्हणून रेझ्युमेत «मागच्या महिन्यात लोकांनी हे काम कसं केलं ते मुलाखतींतून समजून घेतलं» असं आलं की वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

## पाच माणसं पुरतात का?

आता आकड्याकडे वळू. युजेबिलिटी टेस्टला पाच माणसं पुरतात, हे या क्षेत्रात आलेला प्रत्येकजण ऐकतो. याचं मूळ जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या अभ्यासात आहे. एखादी अडचण एका माणसाच्या टेस्टमध्ये दिसण्याची शक्यता त्यांच्या पाहणीत सरासरी ३१ टक्के निघाली. मग पाच जणांमध्ये ती निदान एकदा तरी दिसण्याची शक्यता अशी काढतात:

```
1 - (1 - 0.31)^5 = 0.84
```

म्हणजे जवळजवळ ८५ टक्के. आकडा बरोबर आहे, पण त्याला अटी आहेत. अडचण दहातल्या एकालाच येणारी असेल, तर हेच गणित ४१ टक्क्यांवर येतं. मग पाच जणांच्या टेस्टमध्ये ती निसटण्याचीच शक्यता जास्त. आणि हे सूत्र अडचण सापडेल का एवढंच सांगतं. ती किती लोकांना येते, याबद्दल ते काहीच बोलत नाही.

म्हणून «७५ टक्के वापरकर्ते अयशस्वी झाले» असं लिहिलेलं दिसलं आणि शेजारी टेस्टमधली माणसं ८ असल्याचं कळलं की वाचणारा थबकतो. आठपैकी सहा जण अडले, तर सगळ्या वापरकर्त्यांतलं खरं प्रमाण साधारण ४० टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. इतक्या रुंद पट्ट्याला ७५ टक्के म्हणणं चूक आहे. «८ पैकी ६ जण अडले» एवढं लिहावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट लिहिणाऱ्याला आपल्या पुराव्याची मर्यादा माहीत आहे, हे त्यातून दिसतं.

मोठ्या आकड्यांची गोष्ट उलटी आहे. ४०० जणांच्या सर्व्हेत टक्केवारी साधारण ५ अंकांनी इकडेतिकडे असू शकते, आणि बहुतेक निर्णयांसाठी एवढं पुरतं. पण ही मर्यादा माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली असतील तरच खरी. «१० हजार लोकांचा सर्व्हे» वाचल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, हे दहा हजार आले कुठून? अ‍ॅपमध्ये काम पूर्ण झाल्यावर येणाऱ्या खिडकीत प्रश्न विचारला असेल, तर ज्यांना काम पूर्ण करता आलं नाही ते त्यात आलेच नाहीत. अशा वेळी आकडा वाढल्याने चूक कमी होत नाही, फक्त तिच्यावरचा विश्वास वाढतो.

तेव्हा अभ्यासाचा आवाका म्हणजे नुसती संख्या नव्हे. कोण होते, कसे निवडले, किती काळ आणि किती फेऱ्यांत, हे सगळं त्यात येतं. डायरी स्टडीबद्दल «२० जण, ६ आठवडे, १६ जणांनी शेवटपर्यंत नोंदी दिल्या» असं लिहिलेलं असेल, तर त्या एका ओळीवरून मला कळतं की या माणसाने असा अभ्यास खरोखर चालवलाय. सहा आठवड्यांच्या डायरीत मधूनच काही जण गळतात, हे ती चालवणाऱ्याला ठाऊक असतं.

## एकच काम, तीन प्रकारे लिहिलेलं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हॉटेलच्या खोल्या बुक करायचं एक अ‍ॅप आहे. बरेच लोक पैसे भरण्याच्या पानापर्यंत येतात आणि तिथून निघून जातात. टीमला वाटतं किंमत जास्त वाटत असणार, म्हणून १० टक्के सवलत द्यायचं जवळजवळ ठरलंय. निर्णयाआधी रिसर्चरला दोन आठवडे मिळतात.

ती मागच्या महिन्यात बुकिंग अर्धवट सोडलेल्या ९ जणांना बोलावते आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर तेच काम पुन्हा करायला सांगते. ९ पैकी ७ जण पैसे भरण्याच्या पानावर थांबून इकडेतिकडे शोधायला लागतात. बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतील का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यांना हवं असतं. तो नियम पानाच्या तळाशी एका बारीक लिंकमागे आहे. लिंकवर टॅप केलं की नवं पान उघडतं, आणि परत आल्यावर भरलेली नावं पुसली गेलेली असतात. एकजण तिसऱ्यांदा नाव टाइप करता करता फोन खाली ठेवतो.

ती इथे थांबत नाही. नऊ जणांवरून हा प्रकार किती पसरलेला आहे ते सांगता येणार नाही, हे तिला माहीत आहे. ती अ‍ॅनालिटिक्स टीमकडून ४ आठवड्यांच्या वापराच्या नोंदी मागवते. त्या पानावरून निघून गेलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा त्या लिंकवर टॅप केल्यानंतर लगेच गेलेला दिसतो. टीम सवलत थांबवते, नियमाची तारीख किमतीच्या शेजारी आणते आणि नावं पुसली जाण्याचा दोष दुरुस्त करते. मग ए/बी टेस्ट होते, म्हणजे काही लोकांना जुनं पान आणि काहींना नवं पान दाखवून दोन्हींची तुलना. त्या पानावर आलेल्यांपैकी बुकिंग पूर्ण करणारे जुन्या पानावर ४१ टक्के, नव्या पानावर ४५ टक्के निघतात.

हे काम रेझ्युमेत बहुतेक वेळा असं उतरतं: «पेमेंट पानासाठी युजेबिलिटी टेस्ट घेतल्या आणि डिझाइन टीमला शिफारशी दिल्या.» शिफारशी दिल्या, पण पुढे त्यांचं काय झालं? या ओळीतली रिसर्चर वरच्या गोष्टीतल्या रिसर्चरपेक्षा खूपच लहान वाटते.

कोणीतरी सल्ला देतं, आकडे टाक. मग ओळ अशी होते: «९ टेस्टमधून १४ अडचणी शोधून बुकिंग ४ टक्क्यांनी वाढवलं.» ही ओळ पहिलीपेक्षा धोकादायक आहे. १४ अडचणींपैकी महत्त्वाची एकच होती, बाकीच्या मोजून काय कळणार? ४१ वरून ४५ म्हणजे ४ अंकांची वाढ. टक्क्यांत मोजली तर ती जवळपास १० टक्के होते, म्हणजे ओळीतला आकडाही धड नाही. शिवाय वाढ बदललेल्या पानामुळे झाली, आणि ते पान डिझायनर आणि इंजिनिअरने बनवलं. «वाढवलं» हे क्रियापद रिसर्चरच्या हातचं नाही.

मी ती ओळ अशी लिहीन: «बुकिंग अर्धवट सोडलेल्या ९ जणांच्या समोर बसून टेस्ट, ७ जण रद्द करण्याचा नियम शोधताना अडले. अ‍ॅनालिटिक्स टीमसोबत ४ आठवड्यांच्या नोंदींत याची पडताळणी. यावरून टीमने ठरत आलेली १० टक्के सवलत थांबवली आणि नियम किमतीशेजारी आणला. ए/बी टेस्टमध्ये पूर्ण बुकिंग ४१ वरून ४५ टक्के.»

ओळ लांब आहे, दोन-तीन ओळी खाईल. खाऊ द्या. पाच पोकळ ओळी काढून अशी एक ठेवली तर रेझ्युमे आखूडच होतो. आणि या ओळीतला सर्वात वजनदार भाग ४५ टक्के हा नाही, «सवलत थांबवली» हा आहे. आधी टीम काय करणार होती आणि नंतर तिने काय केलं, यातलं अंतर तिथे दिसतं.

## «पण निर्णय तर प्रॉडक्ट मॅनेजर घेतो!»

खरं आहे, आणि म्हणूनच क्रियापदं जपून वापरावीत. «मी सवलत रद्द केली» हे खोटं ठरेल. «टीमने सवलत थांबवली, आधार हा अभ्यास» हे खरं आहे आणि तेवढं पुरतं. रिसर्चरकडून निर्णय घेण्याची अपेक्षा नसते. तिच्या पुराव्याशिवाय निर्णय वेगळा झाला असता का, एवढाच प्रश्न असतो.

निर्णयाचा आकारही पाहिला जातो. बटणावरचे शब्द बदलणं हा एक निर्णय, एखादं फीचर नव्याने रचणं हा त्याहून मोठा, आणि पुढचे सहा महिने कशावर काम करायचं किंवा करायचं नाही हा सर्वात मोठा. सुरुवातीच्या जागेसाठी पहिल्या प्रकारची दोन चांगली उदाहरणं असली तरी चालतं. टीमचं नेतृत्व करायच्या जागेसाठी तिसऱ्या प्रकारचं एकही उदाहरण नसेल, तर मग तो रेझ्युमे बाजूला पडतो.

## काहीच बदललं नसेल तर?

असं घडतं, आणि ते नेहमी रिसर्चरमुळे घडतं असं नाही. कधी अहवाल येईपर्यंत फीचर बाजारात गेलेलं असतं, कधी बजेट संपतं, कधी वरिष्ठांचं आधीच ठरलेलं असतं. अशा कामाच्या शेवटी खोटा आकडा चिकटवू नये.

मात्र बदल म्हणजे नवं काही बनणं, असं समजून लोक आपलंच चांगलं काम वगळतात. एखादं फीचर न बनवण्याचं ठरलं, तर तो बदल आहे, आणि कित्येकदा सर्वांत स्वस्तात मिळालेला. टीमचा अंदाज अभ्यासाने पक्का केला आणि ती निर्धास्तपणे पुढे गेली, तर तेही लिहिण्याजोगं आहे. फक्त निष्कर्ष उलटा आला असता तर टीम खरोखर थांबली असती का, याचं उत्तर तयार हवं. थांबणार नव्हती, तर त्या अभ्यासाने कोणताच निर्णय झाला नाही. मग रेझ्युमेत त्यातली पद्धत आणि आवाका लिहावा, परिणामाचा दावा करू नये.

## गोपनीयतेचा करार केला असेल तर?

कंपनीचे आतले आकडे बाहेर सांगता येत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण करार केलाय म्हणून सगळंच झाकायची गरज बहुधा नसते. कमाई, ग्राहकसंख्या, अजून बाजारात न आलेल्या वस्तू यांबद्दल गप्प राहावं. «एका प्रवास कंपनीच्या अ‍ॅपसाठी ९ जणांच्या टेस्ट» एवढ्याने सहसा कोणाचं गुपित फुटत नाही. ए/बी टेस्टचे नेमके टक्के देता येत नसतील, तर नवीन पान सरस ठरलं आणि ते सर्वांसाठी लागू झालं, एवढं लिहिता येतं. शंका असेल तर जुन्या कंपनीला विचारून घ्यावं. कराराची सीमा ओलांडून लिहिणारा उमेदवार उद्या आमचीही माहिती बाहेर देईल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात येतोच.

## नव्याने येणाऱ्यांनी काय लिहायचं?

अभ्यासक्रमातल्या प्रकल्पात टीम नसते, बजेट नसतं, निर्णयही आपलाच असतो. तरी ओळीचा सांगाडा तोच ठेवता येतो. «६ जणांच्या टेस्ट, पैकी ४ ओळखीचे, पहिल्या आराखड्यातली तीन पायऱ्यांची नोंदणी सोडून एका पायरीची केली, पुन्हा ५ नव्या माणसांवर तपासली.» ओळखीची माणसं घेतली हे स्वतः होऊन सांगितलं, म्हणून ती ओळ मला आवडते. ओळखीचे लोक चुका दाखवायला कचरतात, हे लिहिणाऱ्याला कळलेलं आहे आणि दुसऱ्या फेरीत त्याने ते सुधारलंही आहे.

## मुलाखतीत ही ओळ कशी तपासतात?

चांगली ओळ लिहून फोन आला की पुढे तिच्यावरच प्रश्न येतात. मी सहसा तीन गोष्टी विचारते. या अभ्यासात कोणाला घेतलं नाही आणि का? तुमच्या निष्कर्षाशी कोण असहमत होतं? दोन आठवड्यांऐवजी दोनच दिवस मिळाले असते तर काय गाळलं असतं?

काम स्वतः केलेलं असेल तर उत्तरं अडखळत का होईना, तपशिलात येतात. हॉटेलच्या उदाहरणातली रिसर्चर म्हणेल की बुकिंग पूर्ण करणाऱ्यांना घेतलं नाही, त्यामुळे त्यांनाही नियम शोधावा लागला का, हे टेस्टमधून कळलं नाही. सवलतीसाठी आग्रही होता तो मार्केटिंग प्रमुख, आणि वापराच्या नोंदींतला तिसरा हिस्सा दाखवल्यावरच तो मानला. दोनच दिवस असते तर तिने आधी नोंदी पाहिल्या असत्या आणि चार जणांनाच बोलावलं असतं, कारण नावं पुसली जाण्याचा दोष चौघांतही दिसला असता. रद्द करण्याच्या नियमाबद्दल मात्र तिने इतक्या खात्रीने काही सांगितलं नसतं.